हप्ता भरूनही कर्ज जागचं हलत का नाही? आजीने पाठवलेलं पत्र

सायली_लिहिते

घराच्या कर्जाला पाच वर्षं झाली, म्हणून खात्याचा उतारा पहिल्यांदाच नीट वाचला आणि डोकं फिरलं. कर्ज ३० लाख, दर ९ टक्के, मुदत २० वर्षं, हप्ता २६,९९२ रुपये. पाच वर्षांत मी भरले १६ लाख १९ हजारांच्या वर आणि कर्ज कमी झालं जेमतेम ३ लाख ३९ हजारांनी. रागारागात आजीला फोन केला आणि म्हटलं, तुमच्या बँका सुरुवातीलाच सगळं व्याज उकळून घेतात आणि मुद्दलाला हात लावायला नंतर वेळ काढतात.

आजी बँकेत कारकून होती, नोकरीतली बरीच वर्षं कर्ज विभागात. फोनवर ती एवढंच म्हणाली, "लिहून पाठवते." तिच्या परवानगीने पत्र जसंच्या तसं उतरवतेय. मला तर सगळं नव्याने कळलं. ज्यांना यातलं जास्त कळतं त्यांनी भर घालावी.

---

चि. सायलीस आजीचे अनेक आशीर्वाद.

तुझा राग मला समजतो. काउंटरवर हा प्रश्न रोज यायचा, पण मागे रांग असायची आणि कुणालाच धड सविस्तर सांगता यायचं नाही. तुला सांगायला मात्र मला भरपूर वेळ आहे.

आधी एक समजूत मनातून काढून टाक. तुझ्या कर्जखात्यात "एकूण व्याज ३४ लाख ७८ हजार" अशी रक्कम कुठेही मांडून ठेवलेली नाही. तो आकडा कर्ज देताना छापून दिलेल्या तक्त्याच्या तळाशी असतो, खात्यात नसतो. खात्यात असते ती फक्त आजची बाकी.

आमच्या वेळी कर्जाचं लेजर हाताने लिहायचं. पानावर तारीख, नावे, जमा, बाकी आणि उजव्या कडेला दिवस आणि प्रॉडक्ट असे रकाने. एखादी बाकी जितके दिवस तशीच राहिली तितक्या दिवसांनी तिला गुणायचं, तो झाला प्रॉडक्ट. व्याज लावायची वेळ आली की प्रॉडक्टांची बेरीज करायची, तिला दराने गुणायचं, शंभराने आणि वर्षाच्या दिवसांनी भागायचं. आलेली रक्कम खात्याला नावे टाकायची. आता जरा थांब आणि बघ, या सगळ्या गुणाकार-भागाकारात कर्ज वीस वर्षांचं आहे की पाच वर्षांचं, हे कुठे लागलं? कुठेच नाही. व्याज काढणाऱ्याला मुदत बघावीच लागत नाही. बाकी, दर आणि दिवस, एवढ्या तीन गोष्टी पुरतात.

आता पेन घे. तुझी पहिल्या दिवशीची बाकी ३० लाख. ९ टक्क्यांनी वर्षाचे २ लाख ७० हजार, म्हणजे महिन्याचे २२,५००. तू ३० लाख रुपये महिनाभर वापरलेस, त्याचं हे भाडं. महिना संपला, भाडं द्यायची वेळ झाली. तू हातात ठेवलेस २६,९९२. त्यातून २२,५०० गेले, उरले ४,४९२. तेवढेच मुद्दलाला लागणार, कारण तेवढेच उरले. बँकेने यात आधी-नंतर असं काही ठरवलेलं नाही.

दुसऱ्या महिन्याची बाकी २९,९५,५०८. तिचं व्याज २२,४६६. पहिल्यापेक्षा फक्त ३४ रुपयांनी कमी. हप्ता तोच असल्याने ते ३४ रुपये मुद्दलाकडे सरकले आणि मुद्दलात ४,५२६ गेले. तिसऱ्या महिन्यात आणखी थोडे सरकतील. हे सरकणं सुरुवातीला इतकं बारीक असतं की वर्षभर उतारा पाहिला तरी डोळ्यांत भरत नाही. तुझ्या कर्जात दर महिन्याला मुद्दलाचा भाग आदल्या महिन्यापेक्षा पाऊण टक्क्याने वाढतो. पाऊण टक्का म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण पाच वर्षांत ४,४९२ चे ७,०३३ झाले आहेत, आणि शेवटच्या हप्त्यात व्याज फक्त २०१ रुपये असेल.

आता खरा प्रश्न विचार. मुद्दलाला फक्त ४,४९२ च का उरले? कारण तू वीस वर्षं मागितलीस. हेच ३० लाख, याच दराने, दहा वर्षांसाठी घेतले असतेस तर हप्ता ३८,००३ आला असता. पहिल्या महिन्याचं व्याज तेव्हाही २२,५०० च असतं, एक रुपया कमी नाही की जास्त नाही. पण मुद्दलाला १५,५०३ गेले असते. म्हणजे मुदतीने व्याज ठरलं नाही, मुदतीने हप्ता ठरला. आणि हप्ता लहान केल्यावर जो भाग आक्रसला तो मुद्दलाचा. व्याजाचा भाग आक्रसूच शकत नाही, कारण तो आधीच्या बाकीने बांधलेला असतो.

तुला अजून शंका असेल तर एक पडताळा सांगते. पाच वर्षांत तू व्याज दिलंस १२ लाख ८१ हजार. त्याला पाचाने भाग, वर्षाला साधारण २ लाख ५६ हजार. हे ९ टक्के कशाचे? साडेअठ्ठावीस लाखांचे. आणि तुझी बाकी या पाच वर्षांत ३० लाखांवरून २६ लाख ६१ हजारांवर आली, म्हणजे सरासरी तेवढीच. बँकेने पुढच्या पंधरा वर्षांचं व्याज आधी घेतलं असतं, तर हा हिशेब जुळलाच नसता. उद्या तू पूर्ण कर्ज फेडायला गेलीस तर तुझ्याकडे २६ लाख ६१ हजार आणि त्या महिन्यातल्या झाल्या दिवसांचं व्याज एवढंच मागतील. पुढच्या वर्षांचं व्याज अजून जन्मालाच आलेलं नाही.

एक गोष्ट मात्र तू स्वतः तपासायची. आमच्या काळात काही कर्जं वार्षिक घटत्या बाकीवर असत. हप्ता दर महिन्याला घ्यायचे, पण व्याज वर्षाच्या सुरुवातीच्या बाकीवरच लावायचे. जानेवारीत भरलेल्या पैशाचा फायदा पुढच्या वर्षी सुरू व्हायचा. ती पद्धत मला नोकरीत असतानाही पटत नव्हती. तुझ्या उताऱ्यात व्याजाचा आकडा बारा महिने तसाच राहून मग एकदम खाली आलेला दिसला, तर तुझं कर्ज तसलं. दर महिन्याला थोडा-थोडा उतरत असेल तर मासिक. कर्जाच्या करारात हे लिहिलेलं असतंच, पण उतारा लवकर सांगतो.

येशील तेव्हा पूर्ण उतारा घेऊन ये, नुसती शेवटची पानं नकोत. पहिलं वर्ष मला बघायचं आहे.

तुझी आजी

---

कट्ट्यावरचा_तात्या

पत्र फार सुंदर. पण माफ करा, आजींनी बँकेची बाजू जरा जास्तच घेतली. शब्द काहीही वापरा, व्याज आधी जातं आणि मुद्दल नंतर, हे उताऱ्यात दिसतंच आहे. म्हणूनच माहीतगार लोक सांगतात की निम्मी मुदत उलटून गेली की कर्ज आधी फेडण्यात काही अर्थ नाही. सगळं व्याज देऊन झालेलं असतं, उरलेलं मुद्दल द्यायची घाई कशाला? माझ्या एका सहकाऱ्याने तेराव्या वर्षी कर्ज फेडलं आणि नंतर हळहळला.

बाकी_शिल्लक

तात्या, तुमचं निरीक्षण बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष नाही. मी कर्जखात्यांच्या संगणक प्रणालीवर काम करतो, आणि आजींच्या लेजरमध्ये जे होतं तेच आत आहे, फक्त प्रॉडक्ट आता रोज रात्री निघतो.

सायलीच्याच कर्जात आकडे घालून पाहू. पहिलं वर्ष संपल्यावर तिने एक लाख जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर १९ हप्ते वाचतात. भरलेला लाख वजा केला तरी सुमारे ४ लाख १३ हजार वाचले. हाच लाख पंधरा वर्षं संपल्यावर भरला तर पावणेसहा हप्त्यांच्या आसपास वाचतात, आणि लाख वजा जाता हातात राहतात साधारण ५४ हजार. एवढं पाहिलं की तुमचं म्हणणं खरं वाटतं.

पण दोन्ही लाखांनी काम एकच केलं. पहिल्या लाखाने वर्षाला ९ टक्के दराने व्याज वाचवलं आणि दुसऱ्यानेही ९ टक्के दरानेच वाचवलं. फरक इतकाच की पहिल्या लाखाला ते करायला जास्त वर्षं मिळाली. पंधरा वर्षांनी सायलीची बाकी १३ लाख असेल आणि त्यावर महिन्याला पावणेदहा हजार व्याज चालूच असेल. "व्याज देऊन झालं" असं म्हणायला ते संपलेलं कुठे आहे? तुमच्या सहकाऱ्याने ९ टक्क्यांचा खर्च थांबवला. ते पैसे दुसरीकडे त्याहून जास्त मिळवत असते तर हळहळ बरोबर, नाहीतर नाही. तेराव्या वर्षाचा त्यात काही संबंध नाही.

अनु_वेल्हाळ

मला आजींना एक विचारायचं आहे, सायली, जमलं तर विचारशील का? माझ्या उताऱ्यात फेब्रुवारीपेक्षा मार्चचं व्याज जास्त आहे! हप्ता वेळेवर गेलाय, दर बदललेला नाही, बाकी कमी झाली आहे. मग व्याज वाढलं कसं? दोन-तीनशे नाही, दोन हजारांच्या वर फरक आहे. मी शाखेत तक्रार लिहून दिली आहे.

बाकी_शिल्लक

अनु, तक्रार मागे घ्यायला हरकत नाही. तुमचं व्याज महिन्याला सपाट बाराव्या हिश्शाने न लावता दिवसांवर लावलेलं आहे. ३० लाखांच्या बाकीवर ९ टक्क्यांनी २८ दिवसांचं व्याज २०,७१२ होतं आणि ३१ दिवसांचं २२,९३२. बाकी थोडी कमी झाली तरी तीन जादा दिवस तिला झाकून टाकतात. पडताळायचं असेल तर मार्चच्या शेजारी जानेवारी ठेवा, दोन्ही ३१ दिवसांचे. मार्च कमी दिसलाच पाहिजे. तिथेही जास्त दिसला तर मात्र तक्रार तशीच राहू द्या.

अनु_वेल्हाळ

बघितलं. जानेवारीपेक्षा मार्च ८० रुपयांनी कमी आहे. जीव भांड्यात पडला.

दगडफूल

मला हा सगळा धागाच कळत नाहीये. माझ्या गाडीच्या कर्जात असं काही नाही. ५ लाख, पाच वर्षं, ९ टक्के, हप्ता १२,०८३. दर महिन्याला मुद्दल ८,३३३ आणि व्याज ३,७५०, पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच. सुरुवातीला व्याज जास्त, नंतर कमी, असली भानगडच नाही. सायलीने घराच्या कर्जालाही अशीच सरळ पद्धत मागायला हवी होती.

बाकी_शिल्लक

दगडफूल, तुमचं कर्ज फ्लॅट दराचं आहे. त्यात ५ लाखांवर पाच वर्षांचं ९ टक्के व्याज आधीच मोजून २ लाख २५ हजार केलं आणि ६० ने भागलं. चौथं वर्ष संपताना तुमच्याकडे एक लाखाच्या आसपास मुद्दल उरलेलं असेल, तरी तुम्ही व्याज पूर्ण ५ लाखांचं देताय. सायलीच्या पद्धतीने, म्हणजे घटत्या बाकीवर, १२,०८३ हा हप्ता पावणेसोळा टक्क्यांच्या जवळचा दर निघतो. दिसायला सरळ आहे, पण सायलीच्या ९ टक्क्यांपेक्षा बरंच महाग.

आणि इथे तात्यांना त्यांचं देणं देतो. असं आधीच मोजलेलं व्याज मुदतीआधी कर्ज बंद करताना महिन्यांमध्ये कसं विभागायचं, यासाठी एक जुनी रीत होती. १२ महिन्यांचं कर्ज असेल तर १ ते १२ ची बेरीज ७८ येते. पहिल्या महिन्याला एकूण व्याजाचे ७८ पैकी १२ भाग, दुसऱ्याला ११, असं शेवटच्याला १. त्यात कर्ज लवकर बंद करणाऱ्याला घटत्या बाकीपेक्षा जास्त व्याज पडायचं. तिथे "व्याज आधी घेतात" हे खरोखरच घडत होतं. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने ६१ महिन्यांपेक्षा लांब कर्जांना ही रीत वापरायला मनाई झाली. बहुधा तात्यांची समजूत तिथूनच लोकांच्या तोंडी फिरत आली असावी. सायलीच्या कर्जाला ती लागू नाही.

दगडफूल

म्हणजे मला फसवलं का?

बाकी_शिल्लक

करारात फ्लॅट असा शब्द असेल तर फसवलं असं म्हणता येणार नाही. नुसतं "९ टक्के" लिहिलं असेल तर जाऊन विचारा, आणि बंद करायची रक्कम आज किती, हे लेखी घ्या. ती रक्कम कोणत्या पद्धतीने काढलीय ते त्यातून कळेल.

कट्ट्यावरचा_तात्या

आमचं थोडं तरी खरं निघालं, हे नसे थोडके. पण मग मला सांगा, घराच्या कर्जात मुद्दल दर महिन्याला समान का घेत नाहीत? ३० लाखांचे २४० भाग, म्हणजे साडेबारा हजार मुद्दल, अधिक जे होईल ते व्याज. मुद्दल पहिल्यापासून नीट उतरेल.

बाकी_शिल्लक

तशीही कर्जं असतात. पहिला हप्ता साडेबारा आणि साडेबावीस मिळून ३५,०००, आणि शेवटचा १२,५९४. एकूण व्याज २७ लाख ११ हजार, म्हणजे सायलीपेक्षा साडेसात लाखांहून जास्त कमी. पण बघा, तिथेही पहिल्या हप्त्यात व्याज २२,५०० च आहे आणि तेच मुद्दलापेक्षा मोठं आहे. घर घेतल्याच्या पहिल्याच महिन्यात ३५,००० देण्याची ताकद ज्याची आहे त्याच्यासाठी हे ठीक. बहुतेकांची त्या वेळी तेवढी ऐपत नसते, म्हणून समान हप्ता आला.

सायली_लिहिते

आजीला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. अनुच्या प्रश्नाला तिने ऐकता ऐकताच "दिवस मोज म्हणावं" असं उत्तर दिलं. :)

माझा एक प्रश्न उरला आहे. व्याज आणि मुद्दल समान होण्याचा दिवस माझ्या कर्जात कधी येतो? निम्म्या मुदतीत, म्हणजे दहा वर्षांनी, असं मी धरून चालले होते.

बाकी_शिल्लक

नाही, १४९ व्या हप्त्याला. बारा वर्षं पाच महिने. पण सुरुवातीपासून मोजण्यापेक्षा शेवटाकडून मोजलं तर जास्त कळतं. ९ टक्क्यांना शेवटचे ९२ हप्ते असे असतात ज्यांत मुद्दल निम्म्याहून जास्त असतं, मग कर्ज वीस वर्षांचं असो की दहाचं. दहा वर्षांच्या कर्जात तो दिवस २९ व्या हप्त्यालाच येतो. आणि सात वर्षांचं कर्ज घेतलं तर हप्तेच ८४, म्हणजे पहिल्या हप्त्यापासूनच मुद्दल जास्त. "सुरुवातीचे हप्ते म्हणजे बहुतेक व्याजच" हे वाक्य फक्त लांब मुदतीच्या कर्जालाच खरं आहे. दर वाढला की हे ९२ आणखी कमी होतात.

बाकी निम्मी होणं ही वेगळी गोष्ट. ३० चे १५ लाख व्हायला तुला १६८ हप्ते लागतील, पूर्ण चौदा वर्षं.

ओढाळ_वासरू

दराचा विषय निघाला म्हणून माझं सांगतो. माझा दर बदलता आहे. मधे दर वाढला, हप्ता मात्र तेवढाच राहिला, म्हणून मी निर्धास्त होतो. परवा उताऱ्यात उर्वरित मुदत पाहिली तर दोन वर्षांपूर्वी होती त्यापेक्षा जास्त! दोन वर्षं हप्ते भरून कर्ज लांबलं. हे कसं काय?

बाकी_शिल्लक

आजींचंच गणित. सायलीचं उदाहरण घेऊ, पाच वर्षांनंतरचं. बाकी २६ लाख ६१ हजार, व्याज १९,९५९, मुद्दलाला ७,०३३. उद्या दर १० टक्के झाला आणि हप्ता तोच राहिला, तर व्याज २२,१७७ आणि मुद्दलाला ४,८१५. म्हणजे पाच वर्षांची सगळी चढण उतरून ती जवळजवळ पायथ्याला आली. उरलेले १८० हप्ते २०८ होतात. हप्ता न वाढल्यामुळे खिशाला काही जाणवत नाही, म्हणून हे कळायला उशीर होतो.

याला तळही आहे. अगदी सुरुवातीला, बाकी ३० लाख असताना, दर ११ टक्क्यांवर गेला असता तर महिन्याचं व्याजच २७,५०० झालं असतं. हप्त्याने व्याजही भागत नाही, उरलेलं बाकीत मिळतं आणि कर्ज वाढत जातं. सहसा बँक त्याआधी हप्ता वाढवते, पण तुम्ही उताऱ्यात दोनच आकडे बघत जा: बाकी मागच्या महिन्यापेक्षा कमी आहे ना, आणि उर्वरित मुदत एका महिन्याने घटली ना. दुसरा आकडा अडखळला की लगेच विचारा.

ओढाळ_वासरू

माझा दुसरा आकडा अडखळलाच होता, मला बघायचंच सुचलं नाही. उद्याच शाखेत जातो.

सायली_लिहिते

आजीकडे जाऊन आले. पहिल्या वर्षाचा उतारा तिने भिंग घेऊन ओळीनओळ पाहिला. व्याज दर महिन्याला उतरतंय, कर्ज मासिक घटत्या बाकीवर आहे. मग तिने मला एक गंमत दाखवली. सुरुवातीपासून मी हप्त्यासोबत ४,४९२ रुपये जादा भरले असते, म्हणजे पहिल्या हप्त्यातलं मुद्दल दुप्पट केलं असतं, तर कर्ज चौदा वर्षांत संपलं असतं. हप्ता वाढला असता साधारण सतरा टक्क्यांनी, वर्षं कमी झाली असती सहा. मी विचारलं, हे चौदा कुठून आलं? ती म्हणाली, मुद्दल दुप्पट वेगाने जमतंय, तर ज्या दिवशी आधीच्या चालीने निम्मं फिटलं असतं, त्या दिवशी सगळं फिटणार. वर बाकी_शिल्लक यांनी निम्म्याचे १६८ हप्ते सांगितलेच आहेत. तिने यंत्र न घेता सांगितलं!

आता पाच वर्षं गेली आहेत, पण हप्ता वाढवायचा विचार पक्का होतोय.

निळावंती

सायली, मी थोडं वेगळं म्हणेन. ते ४,४९२ रुपये दर महिन्याला म्युच्युअल फंडात टाक. पंधरा वर्षांत ९ टक्क्यांहून जास्त सहज मिळतील, आणि घरात अडकलेला पैसा गरजेला काढता येत नाही, तो काढता येतो.

बाकी_शिल्लक

"सहज" या शब्दाशी माझी सहमती नाही. कर्जात वाचणारे ९ टक्के नक्की आहेत, फंडातले नक्की नाहीत. मात्र गरजेला पैसा हाताशी असणं हा मुद्दा खरा आहे. आधी सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असावेत असं मला वाटतं.

निळावंती

नक्की असण्याची किंमत प्रत्येकाला वेगळी वाटते. मी स्वतः हप्ता वाढवला नाही आणि मला पश्चात्ताप नाही. यावर आपलं एकमत होणार नाही.

सायली_लिहिते

बघते. निदान यातलं काही जादा कर्जात भरलं, तर बँकेच्या अर्जात दोन चौकोन आहेत: "हप्ता कमी करा" आणि "मुदत कमी करा". याने किती फरक पडतो?

बाकी_शिल्लक

पुष्कळ. वरचाच पहिल्या वर्षानंतरचा एक लाख घे. मुदत कमी केली तर ४ लाख १३ हजार वाचतात. हप्ता कमी केला तर हप्ता ९१७ रुपयांनी उतरतो आणि शेवटपर्यंत मिळून १ लाख ९ हजार वाचतात. यात बँकेने काही काढून घेतलं असं नाही, तुझ्या लाखाचा फायदा तुला दर महिन्याला ९१७ रुपये असा परत दिला, तो तू खर्च केलास इतकंच. पगाराची ओढाताण असेल तर तोही चौकोन चुकीचा नाही. काहीच खूण केली नाहीस तर बँक कोणता धरते, ते अर्जाच्या मागच्या पानावर असेल.

सायली_लिहिते

मागच्या पानावर आहे. हप्ता कमी. मी मुदतीच्या चौकोनात खूण करून अर्ज उद्या देतेय.